एकाच घरातले दोन रक्तदाब

मागच्या हिवाळ्यात पिंपरीचं एक जोडपं माझ्याकडे आलं. आजारी होत्या भाभी. भाईजान फक्त सोबत आले होते. ते चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करतात आणि महिन्यातला बराच काळ रात्रपाळी असते. महिन्याभरापूर्वी एका दवाखान्यात भाभींचा रक्तदाब १५८/९४ भरला होता आणि गोळी लिहून मिळाली होती. भाईजानचा कंपनीच्या तपासणीत १३२/८४ आला होता, शेरा 'फिट'. दोन महिन्यांनी चित्र अगदी उलटं निघालं. गोळी भाईजानना सुरू झाली आणि भाभींना लागली नाही. हे कसं घडलं ते आज सांगतो, कारण असे चुकलेले आकडे आपल्या बऱ्याच घरांत असतात.

सुरुवात भाभींच्या दंडापासून झाली. खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये शिंप्याची टेप गुंडाळली, तर घेर ३६ सेंटीमीटर भरला. दंडाला बांधतात त्या पट्ट्याला कफ म्हणतात. नेहमीचा कफ साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो आणि तसं त्यावर छापलेलंही असतं. भाभींना तोच बांधला गेला होता. आखूड कफ जाड दंडाची रक्तवाहिनी नीट दाबू शकत नाही. मग जास्त हवा भरावी लागते आणि आकडा फुगतो. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात झालेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना मोठा कफ हवा होता त्यांना नेहमीचा बांधला, तेव्हा वरचा आकडा सरासरी ५ने वाढला. ज्यांना त्याहून मोठा हवा होता, त्यांच्यात तो जवळजवळ २०ने वाढला. उलट बारीक दंडाला मोठा कफ बांधला तर आकडा कमी येतो.

दुसरी चूक बाहीची होती. अंगावरची घट्ट बाही वर सरकवून कफ बांधला होता. गुंडाळी झालेली बाही दंडाला आवळते आणि मोजमाप बिघडवते. त्यापेक्षा पडद्याआड हात बाहीतून मोकळा करून घ्यावा. नर्सबाईंना सांगितलं की त्या सोय करून देतात. संकोचापोटी चुकीच्या आकड्यावर वर्षानुवर्षं गोळ्या घेण्यात शहाणपण नाही.

भाभींना पाच मिनिटं शांत बसवलं. पाठ खुर्चीला टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक न टाकलेले, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मोठा कफ बांधला आणि बोलणं बंद. आकडा आला १४८/९०. कमी झाला, पण १४०/९०च्या रेषेवरच होता.

आता प्रश्न दवाखान्याचा होता. डॉक्टर समोर आला की काहींचा रक्तदाब चढतो. इटलीतल्या मिलान शहरातल्या डॉक्टरांनी १९८३ साली रुग्णांच्या रक्तवाहिनीत नळी बसवून हे मोजलं. डॉक्टर खाटेजवळ येताच वरचा आकडा सरासरी २७ने चढला आणि काही मिनिटांनी उतरू लागला. याला 'पांढऱ्या कोटाचा परिणाम' म्हणतात. दवाखान्यात १४०/९० किंवा जास्त आणि घरी सरासरी १३५/८५पेक्षा कमी, असं असेल तर तो पांढऱ्या कोटाचा रक्तदाब समजावा.

म्हणून भाभींना दंडावर बांधायचं यंत्र आणि मोठा कफ घ्यायला सांगितलं. मनगटाचं यंत्र नको. मोजायचं सात दिवस. सकाळी फज्रनंतर, चहा-न्याहारीच्या आधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. संध्याकाळी तसंच दोनदा. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री, जिना चढणं नाही, आणि लघवीला जाऊन यायचं. आलेला प्रत्येक आकडा वहीत लिहायचा, न आवडलेलासुद्धा. पहिला दिवस सवयीचा म्हणून सोडून द्यायचा. उरलेल्या सहा दिवसांच्या २४ नोंदींची सरासरी काढायची. भाभींची आली १२६/७८.

ही तपासणी होईपर्यंत मी त्यांना गोळी सुरू करू दिली नव्हती. पण आधीपासून गोळी चालू असेल, तर असा आकडा पाहून ती आपल्या मनाने बंद करू नका. शिवाय पांढऱ्या कोटाचा रक्तदाब पुढे खरा होऊ शकतो. भाभींनी मीठ कमी केलंय आणि दरवर्षी अशी एक आठवड्याची वही त्या घेऊन येतात.

यंत्र घरात आलंच होतं, म्हणून भाईजाननी गंमत म्हणून आपलाही रक्तदाब पाहिला: १४४/९०. त्यांचा दंड २९ सेंटीमीटरचा आणि कफ भाभींचा मोठा. म्हणजे खरा आकडा याहून जास्तच असणार. मधल्या मापाचा कफ घेऊन आठवडाभर मोजलं, तर सरासरी १४७/९२. कंपनीच्या तपासणीत मात्र ते नेहमी सुट्टीनंतर, झोप झालेली असताना जात. दवाखान्यात ठीक आणि बाहेर जास्त, हा लपलेला रक्तदाब. तो जास्त फसवा, कारण कुणी शोधतच नाही आणि हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांची झीज चालू राहते.

त्यांच्यासाठी २४ तासांची तपासणी करायची ठरवली. कमरेला छोटं यंत्र, दंडाला कफ. जागेपणी दर २० मिनिटांनी आणि झोपेत दर अर्ध्या तासाने ते आपोआप मोजतं. घरचं आणि दवाखान्याचं पटत नसेल, झोपेतला रक्तदाब पाहायचा असेल किंवा पाळीचं काम असेल, तर ही तपासणी खरी उपयोगी पडते. भाईजाननी विचारलं, "डॉक्टरसाहेब, वजूचं काय?" कफ कोपराच्या वर असतो. कफ आणि नळी ओली होऊ न देता वजू करता येतो. अंघोळ मात्र आधीच उरकायची. कफ फुगू लागला की हात जिथे असेल तिथे सैल आणि स्थिर ठेवायचा, नाहीतर ती नोंद वाया जाते.

तपासणी मुद्दाम रात्रपाळीच्या दिवशी केली. ते सकाळी ८ ते दुपारी २ झोपतात. यंत्राच्या छापील अहवालात मात्र रात्री १० ते सकाळी ६ हीच 'झोप' धरलेली होती. म्हणजे ते मशीनवर उभे असतानाचे आकडे झोपेच्या खात्यात पडले होते. त्यांनी झोपेच्या वेळा लिहून आणल्या होत्या, त्यावरून हिशेब पुन्हा मांडला. जागेपणी सरासरी १४८/९४, झोपेत १३१/८०. मर्यादा जागेपणी १३५/८५ आणि झोपेत १२०/७०. दोन्ही ओलांडलेल्या. मग लघवीची, मूत्रपिंडाची आणि हृदयाची तपासणी करून गोळी सुरू केली.

तुमच्या घरात यंत्र असेल तर आज दोन गोष्टी पाहा. टेपने प्रत्येकाचा दंड मोजा आणि कफवर छापलेलं माप पाहा. जुळत नसेल तर यंत्र बदलायची गरज नाही, त्याच कंपनीचा योग्य मापाचा कफ वेगळा मिळतो. आणि आकडा वारंवार १८०/१२० किंवा वर येत असेल, सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं किंवा हातापायातली ताकद जाणं असेल, तर वही लिहीत बसू नका, लगेच मोठं रुग्णालय गाठा.