पुस्तकं वर नेली, मग तुळया कुठे?

‘सामुदायिक ग्रंथालय’ हा विषय स्टुडिओला दिला की ज्युरीपुढच्या निवेदनात ‘लोकांना जोडणारी जागा’ हे वाक्य हमखास येतं. ते खोटं नसतं, पण प्लॅनवर बोट ठेवून तपासता येत नाही. आम्हाला विद्यार्थ्यांकडून असं वाक्य हवं आहे की जे चुकलं तर सेक्शनमध्ये लगेच उघडं पडेल.

मीरा-भाईंदरचीच साइट घेऊ. उत्तरेला वसईची खाडी, भोवती मिठागरं आणि खारफुटी. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस लागला की सखल भागात पाणी साचतं. अशा ठिकाणी विद्यार्थ्याने लिहावं: ‘पुस्तकांचा साठा पहिल्या मजल्यावर आहे. तळमजल्यावर भिजलं तरी चालेल किंवा पटकन उचलता येईल एवढंच ठेवलं आहे.’ हा झाला निर्णय. आता त्याची किंमत मोजायला हवी.

पुस्तकं जड असतात. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ८७५, भाग २) २.२ मीटर उंचीपर्यंतच्या रॅकच्या जागेला दर चौरस मीटरला ६ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ६०० किलो भार धरावा लागतो. घराच्या खोल्यांना धरतो त्याच्या तिप्पट. साठा वेगळा असलेल्या वाचनकक्षाला ३ किलोन्यूटन पुरतात. त्यामुळे खाली खांब नसलेलं मोठं सभागृह आणि बरोबर त्याच्या डोक्यावर रॅक, हे प्लॅनमध्ये कितीही देखणं दिसलं तरी तुळया इतक्या खोल होतात की सभागृहाची उंचीच त्या खाऊन टाकतात. ज्युरीतला स्ट्रक्चरचा माणूस पहिलं बोट तिथेच ठेवतो.

वाट सोपी आहे. साठा इमारतीच्या एका टोकाला घ्यावा, खाली कार्यालय, स्वच्छतागृहं, जिना अशा लहान खोल्या, म्हणजे खांब जवळजवळ येतात. सभागृहावर हलका वाचनकक्ष. हे निवेदनात दोन ओळींत मावतं, आणि ते लिहिताना विद्यार्थ्याला स्वतःचीच ग्रिड पुन्हा तपासावी लागते.

साठा वर गेला की जिना न चढू शकणाऱ्यांचं काय, हेही त्याच परिच्छेदात यायला हवं. वर्तमानपत्रं आणि देवघेवीची खिडकी खाली, मागितलेलं पुस्तक वरून आणून देणारा कर्मचारी, शिवाय लिफ्ट. स्पर्धा परीक्षेची मुलं रात्री उशिरापर्यंत बसतात, तेव्हा देवघेव बंद झालेली असते. अभ्यासिकेला स्वतंत्र दार आणि तिच्या बाजूने स्वच्छतागृह नसेल, तर पहारेकऱ्याला अख्खी इमारत उघडी ठेवावी लागेल.

शिक्षकांना एक विनंती. निवेदन शेवटच्या रात्री शीटच्या रिकाम्या कोपऱ्यासाठी लिहून घेऊ नका. सेक्शन पेन्सिलीत असतानाच ते मागा, कारण खांब तेव्हाच हलवता येतो.