क्रम चिठ्ठीने ठरावा

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली चार जिल्ह्यांत सुरू झाला आणि पुढे टप्प्याटप्प्याने विस्तारला. अशी सेवा सर्वत्र एकदम नेणे सहसा शक्य नसते. मग जिल्ह्यांचा क्रम मंत्र्यांच्या मर्जीऐवजी चिठ्ठ्या टाकून का ठरवू नये? संशोधक या पद्धतीला ‘स्टेप्ड वेज’ म्हणतात. समजा, बारा जिल्हे आहेत व दर सहा महिन्यांनी तीन जिल्ह्यांत सेवा पोहोचते. पाळी न आलेले जिल्हे तोवर तुलनेला उपलब्ध राहतात आणि अखेरीस कोणीही वंचित राहत नाही.

मात्र येथे फसगत संभवते. सेवेपूर्वीच्या नोंदी बहुतांशी आधीच्या काळातल्या असतात, सेवेनंतरच्या नंतरच्या. २०२२ साली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा देशात सुरू झाली. अशा एखाद्या घटनेने सर्वच जिल्ह्यांत उपचार घेणारे वाढले, तर केवळ ‘आधी’ आणि ‘नंतर’ पाहणारा त्याचे श्रेय जिल्ह्यातील नव्या सेवेला देऊन मोकळा होईल. म्हणून एकाच सहामाहीतील सेवा मिळालेले व न मिळालेले जिल्हे परस्परांशी ताडले पाहिजेत.

आणि शेवटच्या तीन जिल्ह्यांतील रुग्णांचे काय? त्यांना दीड वर्ष अधिक थांबावे लागते. तेथील चालू उपचार तरी खंडित होता कामा नयेत. सेवा गुणकारी असल्याचे आधीच सिद्ध असेल आणि पैसा व मनुष्यबळही हाताशी असेल, तर चिठ्ठीच्या नावाखाली केलेला विलंब समर्थनीय ठरत नाही.