सुट्टीतला मजकूर आणि हातातली चार्जशीट



पूर्वी कामगाराला चार्जशीट मिळे ती गैरहजेरीची, ड्युटीवरील चुकीची किंवा साहेबाशी उलट बोलल्याची. अलीकडे शाखांकडून नव्या तऱ्हेची चार्जशीट आमच्याकडे येऊ लागली आहे. कामगार विश्रांतीच्या दिवशी घरी होता, मोबाईल त्याचा स्वतःचा होता, त्याने फेसबुकवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी लिहिल्या, आणि आठ दिवसांनी त्या ओळींचा छापील कागद जोडून त्याच्या हातात आरोपपत्र पडले. ‘मी ड्युटीवर नव्हतो, मग प्रशासनाचा संबंध काय?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. त्याचे सरळ उत्तर द्यायला हवे.

उत्तर असे की केवळ ‘ड्युटीवर नव्हतो’ एवढ्यावर रेल्वे कामगार सुटत नाही. रेल्वे सेवा (आचरण) नियम, १९६६ मधील नियम ३ रेल्वे सेवकाला सदासर्वकाळ बांधतो. सेवकाला न शोभणारे वर्तन करू नये, असे तो सांगतो, आणि तेथे घड्याळ लावलेले नाही. खाजगी कारखान्यातील बांधवांची स्थिती थोडी निराळी आहे. १९८३ साली ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेथील स्थायी आदेशांचा अर्थ लावताना, गैरवर्तन आस्थापनेच्या आवारात किंवा त्याच्या लगत झालेले असले पाहिजे, असे म्हटले होते. म्हणून आपल्या आस्थापनेच्या स्थायी आदेशांत नेमके कोणते शब्द आहेत, ते त्या बांधवांनी आधी वाचावे.

परंतु नियम सदासर्वकाळ लागू असला तरी प्रत्येक मजकूर गैरवर्तन ठरत नाही. सरकारी सेवेत शिरताना माणूस आपले मूलभूत हक्क दाराबाहेर ठेवून येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली कामेश्वर प्रसाद यांच्या खटल्यातच स्पष्ट केले आहे. त्रिपुरा राज्यातील मत्स्य विभागाच्या एका कर्मचारी भगिनीला २०१८ साली निवृत्तीच्या तोंडावर निलंबित करण्यात आले. एका राजकीय सभेला हजर राहणे आणि फेसबुकवरील मजकूर हे तिच्यावरचे आरोप होते. २०२० साली त्रिपुरा उच्च न्यायालयाने ते आरोपपत्र रद्द केले. सभेला हजर असणे म्हणजे राजकारणात भाग घेणे नव्हे, आणि आचरण नियमांची मर्यादा न ओलांडता स्वतःचे मत मांडण्याचा तिला हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले.

आपल्याला त्याहून जवळचा निकाल मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाचा आहे. तामिळनाडू ग्राम बँकेतील एका संघटनाप्रेमी कर्मचाऱ्याने सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात वरिष्ठांच्या कारभाराची टर उडवली. बँकेने आरोपपत्र दिले. २०२३ साली न्यायालयाने ते रद्द केले. कारण समजून घेण्याजोगे आहे. चार सहकारी एखाद्याच्या घरी बसून साहेबाबद्दल बोलले तर व्यवस्थापन त्यांना जाब विचारू शकत नाही. तेच बोलणे मोजक्या लोकांच्या बंद गटात झाले म्हणून नियम बदलत नाही. मनातली तक्रार बोलून मोकळे होण्याचा कामगाराला हक्क आहे, आणि संस्थेच्या प्रतिमेला खरोखर धक्का पोहोचला तरच व्यवस्थापनाने मध्ये पडावे, असा त्या निकालाचा आशय आहे.

आता हे सारे एका उदाहरणावर तपासू. समजा, एका छोट्या स्टेशनवरील पॉइंट्समनने विश्रांतीच्या दिवशी तीन मजकूर टाकले. पहिला असा : ‘आमच्या स्टेशनवर तिघांचे काम दोघे करतात, बारा-बारा तास सुटका नाही.’ दुसरा : ‘आमचे अमुक स्टेशन मास्तर पिऊन ड्युटीवर येतात.’ तिसऱ्यात शब्द नाहीत, कंट्रोलकडून आलेल्या कार्यालयीन संदेशाचा फोटो आहे. प्रशासन तिन्ही मजकूर एकाच आरोपात गुंफील. आपण ते सुटे केले पाहिजेत.

पहिल्या मजकुराबद्दल प्रशासन नियम ९ पुढे करील. सरकारच्या चालू धोरणावर किंवा कृतीवर प्रतिकूल टीका करणारे जाहीर विधान करण्यास हा नियम मनाई करतो. येथे दोन प्रश्न विचारावेत. हे विधान जाहीर होते काय? चाळीस सहकाऱ्यांचा बंद गट आणि सर्वांना दिसणारे फेसबुकचे पान यांत फरक आहे. आणि ही धोरणावरची टीका आहे, की स्वतःच्या कामाच्या तासांचे गाऱ्हाणे? शिवाय सेवाशर्तींच्या रक्षणासाठी संघटनेच्या पदाधिकाऱ्याने प्रामाणिकपणे मांडलेल्या मताला याच नियमात सूट आहे. म्हणून कामगारसंख्येचा प्रश्न जाहीरपणे मांडायचा असेल तर तो शाखा सचिवाच्या सहीने मांडला जावा.

दुसऱ्या मजकुराचे समर्थन आम्ही करणार नाही. नाव घेऊन केलेला, सिद्ध न झालेला आरोप सहकाऱ्याची नोकरी आणि अब्रू दोन्ही धोक्यात आणतो. तो खरा असेल तर गाड्यांच्या सुरक्षिततेसाठी त्याच क्षणी वाहतूक निरीक्षकाला कळवायला हवे होते, म्हणजे ब्रेथ अ‍ॅनालायझरने तपासणी झाली असती. फेसबुकवर लिहून ना गाडी सुरक्षित झाली, ना मास्तरांना बाजू मांडता आली. महिला सहकाऱ्याबद्दलचा शेरा किंवा कुणाच्या जातीवरची टवाळी याबाबतही आमची भूमिका हीच राहील.

तिसरा मजकूर सर्वांत महाग पडतो. कार्यालयीन कागद किंवा माहिती परवानगीशिवाय बाहेर देण्यास नियम ११ मनाई करतो. फोटो टाकणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी मनाई टळत नाही.

चार्जशीट हाती आल्यावर घाबरून माफीनामा लिहून देऊ नका. आधी कागद पाहा. एसएफ-११ असेल तर किरकोळ शिक्षेची कारवाई आहे, एसएफ-५ असेल तर मोठ्या शिक्षेची. उत्तरासाठी सामान्यतः दहा दिवस मिळतात. एसएफ-५ सोबतच्या परिशिष्ट ३ मध्ये कागदपत्रांची आणि परिशिष्ट ४ मध्ये साक्षीदारांची यादी असते. मजकुराचा छापील कागद कुणी काढला, कुणाच्या मोबाईलवरून काढला आणि तो माणूस साक्षीदारांत आहे काय, हे तपासा. मागचे-पुढचे संदेश कापले असतील तर संपूर्ण संभाषणाची लेखी मागणी करा, कारण अर्ध्या वाक्याने पुष्कळांना गोत्यात आणले आहे. खाते तुमचेच आहे आणि मजकूर तुम्हीच टाकला, हे दाखवण्याचे ओझे प्रशासनावर आहे. बचाव सहायक संघटनेतून घ्या.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांबाबत परिपत्रक काढले, त्यात शासनाच्या धोरणांवरील टीकेला मज्जाव आहे. अशी परिपत्रके वाढत जाणार हे उघड आहे. आमची मागणी एवढीच आहे की बंद गटातील बोलणे आणि जाहीर प्रसिद्धी, गाऱ्हाणे आणि बदनामी, यांतील फरक प्रशासनाने नियमांत लिहून द्यावा. हा फरक लिहिलेला नसेल तर एखादा मजकूर ‘न शोभणारा’ आहे की नाही, हे ज्याच्यावर टीका झाली तोच अधिकारी ठरवील. शाखांनी आपल्याकडील अशा प्रत्येक आरोपपत्राची प्रत केंद्रीय कार्यालयाकडे पाठवावी. प्रकरणे हाती असली तरच वाटाघाटीच्या टेबलावर हा प्रश्न आपल्याला रेटता येईल.