छातीत दुखतंय : एक जर्मन वाक्य

मागच्या उन्हाळ्यात आमची एक माजी विद्यार्थिनी सुट्टीवर घरी आली होती. जर्मनीत श्टुटगार्टजवळ एका इस्पितळात ती नर्स आहे. परत जाताना अम्मी-अब्बांना तीन महिन्यांसाठी सोबत नेणार होती. अब्बांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला, आणि तिची ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. म्हणजे दोघेच घरात, आणि इंग्रजी दोघांनाही येत नाही. ती म्हणाली, “सर, अम्मीला फक्त एक वाक्य शिकवा. अब्बांच्या छातीत दुखलं तर फोनवर सांगता येईल एवढंच.”

जर्मनच्या दोन पातळ्या आम्ही पूर्वी पुण्यात मॅक्स म्युलर भवनात केल्या होत्या. तेवढी पुंजी या कामाला पुरेशी होती. वाक्य असे ठरवले :

“इह्य हाबअ ज़ाइट त्सेन मिनूटन श्टार्कअ श्मेर्त्सन इन डेअ ब्रुस्ट, आउख़ इम लिंकन आर्म.”

अर्थ : मला दहा मिनिटांपासून छातीत जोरात दुखतंय, डाव्या हातातही. शब्दाला शब्द लावला तर ‘मी बाळगतो दहा मिनिटांपासून जोरदार वेदना छातीत’ असे होईल. या वाक्यात जर्मन माणसाला दुखत नाही, त्याच्याकडे वेदना ‘असते’. ‘इह्य’ म्हणजे मी, ‘हाबअ’ म्हणजे माझ्याकडे आहे.

आता उच्चार. मराठी आणि उर्दू दोन्ही येणाऱ्या घराला हे वाक्य इतरांपेक्षा सोपे जाते, हे आमच्या शिकवताना लक्षात आले. ‘श्मेर्त्सन’मधला त्स म्हणजे आपल्या ‘चांगला’ आणि ‘चमचा’मधला पहिला च, ‘चहा’मधला नव्हे. नुसती उर्दू बोलणाऱ्याला तो जड जातो, आपल्या तोंडात तो आधीपासून आहे. उलट ‘ज़ाइट’मधला ज़ म्हणजे ‘ज़मीन’मधला ज़े. हे दोन्ही वाक्यात शेजारीशेजारी येतात, ‘ज़ाइट त्सेन’, आणि त्यांची अदलाबदल करू नये. ‘ज़ाइट’ म्हणजे ‘पासून’, पण तोच शब्द चांगलाच्या च ने म्हटला की ‘त्साइट’ होतो, म्हणजे ‘वेळ’.

‘आउख़’मधला ख़ सरळ उर्दूतला ख़े, जसा ‘ख़बर’मध्ये. पण पहिल्याच ‘इह्य’ला तो लावू नका. तिथे जीभ ‘ई’ म्हणण्याच्या जागी ठेवून नुसती हवा सोडायची, ‘ह्या’ शब्दाची सुरुवात कुजबुजत म्हटल्यासारखी. अम्मींना ते जमेना, त्या ‘इख़’च म्हणत राहिल्या. आम्ही सोडून दिले. स्वित्झर्लंडकडचे लोक असेच बोलतात आणि जर्मनांना ते समजते.

‘हाबअ’, ‘श्टार्कअ’ यांच्या शेवटचा अ आपण बोलताना ‘झालं’च्या शेवटी म्हणतो तसा, पण नाकातून नाही. लिहिताना तिथे ‘ई’ हे अक्षर असते, म्हणून वाचून शिकणारे ‘हाबे’ म्हणतात. त्यानेही काही बिघडत नाही. ‘मिनूटन’मध्ये जोर ‘नू’वर द्यायचा, बाकी शब्दांत पहिल्या अक्षरावर. ‘ब्रुस्ट’चा उ आखूड, आणि तिथे स्ट तसाच राहतो, शब्दाच्या आरंभी मात्र त्याचा श्ट होतो.

एका चुकीला मात्र आम्ही सूट दिली नाही. ‘श्मेर्त्सन’मधला म गळला की ‘शेर्त्सन’ होते, आणि ‘शेर्त्स’ म्हणजे थट्टा. अम्मींनी पहिल्या दिवशी तेच म्हटले. दहा मिनिटांपासून अब्बांच्या छातीत जोरदार थट्टा चालली आहे, असे सांगितल्यावर अब्बा स्वतःच हसले. मग आम्ही तो एक शब्द वेगळा काढून वीस वेळा म्हणून घेतला : श्, मेर्, त्सन.

बोलणारी अम्मी आणि दुखणे अब्बांचे, म्हणून सुरुवात बदलायची होती. ‘इह्य हाबअ’च्या जागी ‘माइन मान हाट’, म्हणजे ‘माझ्या नवऱ्याला’. ‘मान’ आणि ‘हाट’ यांतला आ आखूड. मुलाने आईबद्दल बोलायचे तर ‘माइनअ मुटा हाट’. पुढचे सगळे तेच. बाई स्वतःसाठी बोलत असेल आणि डॉक्टर समोर असेल, तर बोलताना तळहात छातीच्या मधल्या हाडावर ठेवावा, कारण ‘ब्रुस्ट’ हा शब्द छातीलाही आहे आणि स्तनालाही.

दहा मिनिटे हा आकडा आम्ही मुद्दाम घेतला. असे दुखणे पाच मिनिटांहून जास्त टिकले की वाट पाहायची नाही, 112 लावायचा, असे तिथे सांगतात. आपल्या घरांत आधी ‘गॅस असेल’ म्हणून जिरे-ओवा होतो, मग मुलीची ड्युटी संपण्याची वाट पाहिली जाते. मधुमेही माणसाला आणि बायकांना तर कधी छातीत फारसे दुखतही नाही, नुसता दम लागतो, घाम सुटतो किंवा मळमळते. तेव्हाही नंबर तोच. 116117 हा दुसरा नंबर दवाखाने बंद असताना साध्या तापा-खोकल्यासाठी आहे, तो छातीसाठी नाही.

एका सकाळी मुलगी ड्युटीवर असताना अब्बांना घाम फुटला, डावा हात भरून आला. अम्मींनी 112 लावला आणि वाक्य म्हटले. ‘आउख़’पासूनचे विसरल्या, पण ‘श्मेर्त्सन’ आणि ‘ब्रुस्ट’ स्वच्छ गेले. पलीकडचा माणूस लगेच म्हणाला, “वो?”

अम्मींना वाटले, हा हिंदीत बोलतोय. “हाँ, वो, मेरे शौहर,” असे त्या म्हणाल्या. तो पुन्हा “वो?”, आणि त्यात आणखी काही शब्द. अम्मींनी वाक्य परत म्हटले. तो परत “वो?”

जर्मनमध्ये ‘वो’ म्हणजे ‘कुठे’. तो पत्ता विचारत होता. “वो गेनाउ ज़िंट ज़ी?”, म्हणजे ‘तुम्ही नेमके कुठे आहात?’ दुखणे त्याला पहिल्याच वेळी कळले होते. गाडी कुठे पाठवायची, एवढेच अडले होते, आणि ते आम्ही शिकवले नव्हते. चूक अम्मींची नव्हती, आमची होती.

पत्ता मुलीने फ्रिजवर लावून ठेवला होता, तो अम्मींना शेवटी आठवला. रस्त्याचे नाव त्यांनी तोडूनमोडून वाचले, शेवटचे ‘श्ट्रासअ’ (म्हणजे रस्ता) आणि घरनंबर तेवढे नीट. त्यावर गाडी आली. अब्बांना त्याच दिवशी दुसरा स्टेंट बसला. ते आता घरी आहेत, जिना सावकाश चढतात.

मुलीने फोनवर हे सांगितल्यावर आम्ही कागद नव्याने लिहिला. आता सर्वांत वर पत्ता, देवनागरीत, अक्षर अक्षर सुटे. त्याखाली दारावरच्या घंटीजवळ जे आडनाव आहे ते, कारण तिथल्या इमारतींत फ्लॅटला बहुधा नंबर नसतो, आडनाव वाचूनच वर येतात. त्याखाली वाक्य. त्याखाली दोनच प्रश्न : ‘वो?’ – पत्ता वाचा. ‘ज़ाइट वान?’ (कधीपासून?) – ‘त्सेन मिनूटन’ म्हणा, किंवा जितका वेळ झाला असेल तितका, तासभर झाला असेल तर ‘आइना श्टुंडअ’. हा ‘आइना’ आपल्या आरशासारखाच म्हणायचा. शेवटी रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे नाव आणि मात्रा, वेष्टनावरून उतरवलेली, कारण डॉक्टर ती विचारतात.

महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग या तिथल्या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. आमच्या गावातूनही आणखी दोन मुली आता जर्मन शिकत आहेत. त्यांच्या अम्मींसाठी या कागदाच्या दोन प्रती काढून ठेवल्या आहेत. पत्त्याची जागा कोरी आहे.