गाडी लेट का होते, आणि ते घरबसल्या आधी कसं ओळखायचं

सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीच्या बाजूला आहे. कराडचं स्टेशन ओगलेवाडीला. त्यामुळे आपल्याकडे गाडी लेट झाली की नुसता वेळ जात नाही. परतीची एसटी जाते, रिक्षावाला दुप्पट सांगतो, म्हातारी माणसं उघड्या फलाटावर बसून राहतात. आणि फलाटावर ऐकू काय येतं? "अमुक गाडी अनिश्चित काळासाठी उशिराने धावत आहे, असुविधेबद्दल खेद आहे." झालं. कारण नाही, अंदाज नाही.

मला म्हणायचंय ते एवढंच की उशीर 'अनिश्चित' फार क्वचित असतो. बहुतेक वेळा तो काही तास आधी कुठल्यातरी मागच्या स्टेशनावर दिसत असतो. रेल्वेला तो माहीत असतो. थोडं लक्ष दिलं तर आपल्यालाही कळू शकतो.

सगळ्यात सोपं उदाहरण आपल्या वंदे भारतचं. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे–कोल्हापूर आणि पुणे–हुबळी अशा दोन वंदे भारत सुरू झाल्या. गाड्या दोन, पण सुरुवातीचं वेळापत्रक नीट मांडून बघा. बुधवार, शुक्रवार, रविवार हुबळीहून पहाटे ५ ला निघालेली गाडी मिरज, सांगली, सातारा करत दुपारी दीडला पुण्यात. त्याच दिवशी सव्वादोनला पुण्याहून कोल्हापूरची गाडी. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला तीच कोल्हापूरहून निघून दीडला पुण्यात, आणि सव्वादोनला हुबळीकडे. मंगळवार मोकळा. म्हणजे डब्यांचा संच एकच, ज्याला रेल्वेच्या भाषेत रेक म्हणतात. तोच रेक दोन गाड्यांची नावं लावून फिरतोय.

आता यात दुखणं कुठे आहे बघा. पुण्यात मध्ये फक्त ४५ मिनिटं आहेत. तेवढ्यात उतारू उतरायचे, झाडलोट व्हायची, पाणी भरायचं, खाणं चढवायचं, गाडी चालवणारे बदलायचे. समजा बुधवारी सकाळी हुबळीची गाडी साताऱ्यातूनच एक तास लेट गेली आणि पुढेही काही भरून निघालं नाही. ती पुण्यात अडीचला पोचणार. कितीही घाई केली तरी अर्धा तास तरी लागणारच. म्हणजे कोल्हापूरची गाडी तीनच्या आधी सुटत नाही, पाऊण तास लेट. संध्याकाळी साताऱ्यात जो माणूस तिची वाट बघणार आहे, त्याचा उशीर सकाळीच त्याच्या डोळ्यांसमोरून पुण्याकडे गेलेला असतो! त्याला फक्त कुणी सांगितलेलं नसतं.

याच्या उलट महालक्ष्मीचं. ही गाडी कोल्हापूर–मुंबई धावते, मग नंबर १७४ ने का सुरू होतो, असा प्रश्न कधी पडलाय? कारण ती तिरुपतीच्या हरिप्रियेशी जोडलेली आहे, तिचाही नंबर १७४ नेच सुरू होतो. हरिप्रिया कोल्हापूरला आली की तिचे डबे रात्री महालक्ष्मी म्हणून मुंबईला जातात. पण इथे मध्ये काही तासांची मोकळीक आहे. त्यामुळे हरिप्रिया तास-दीड तास लेट आली तरी महालक्ष्मी वेळेवर सुटू शकते. म्हणजे रेक एकच आहे एवढं कळून भागत नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये किती वेळ ठेवलाय ते बघायचं. आलेल्या गाडीचा उशीर त्या वेळात मावला तर ठीक. नाही मावला तर उरलेला उशीर पुढच्या गाडीच्या गळ्यात.

दुसरं कारण धुकं. लोक म्हणतात, सांगलीत ऊन पडलंय आणि धुक्यामुळे गाडी लेट कशी? गोवा एक्सप्रेस बघा. ती निजामुद्दीनहून निघते, मथुरा, आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, भोपाळ, भुसावळ, मनमाड, दौंड करत पुण्याला आणि मग आपल्याकडे येते. डिसेंबर-जानेवारीत दिल्ली-आग्रा पट्ट्यात धुकं इतकं दाट असतं की ड्रायव्हरला सिग्नल जवळ येईपर्यंत दिसत नाही. सिग्नलच्या अलीकडे रुळावर फटाके लावतात, त्यांचा आवाज झाला की सिग्नल जवळ आलाय हे समजतं. आता इंजिनात जीपीएसवरचं एक यंत्रही असतं, ते पुढचा सिग्नल किती लांब आहे ते सांगतं. पण सिग्नल लाल आहे की हिरवा, हे डोळ्यांनीच बघावं लागतं. म्हणून यंत्र असलं तरी धुक्यात वेग ताशी ७५ किलोमीटरच्या वर नेत नाहीत, आणि दिसतच नसेल तर त्याहून बराच कमी. शेकडो किलोमीटर असं चाललं की तास-तास जातात. शिवाय दिल्लीकडे जाणारी गाडी उशिरा पोचली की परतीची उशिरा सुटायची शक्यता वाढते. ते पुन्हा रेकचंच गणित.

तिसरं कारण क्रॉसिंग. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी सोडतात. समोरून दुसरी येत असेल तर एकीने स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबायचं. पुणे–मिरज मार्गाचं दुहेरीकरण झाल्यावर हा त्रास तिथे बराच कमी झालाय. पण मिरज–कोल्हापूर अजून एकेरीच. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी इथे गाड्या एकमेकींची वाट बघत थांबतात ते यामुळेच. क्रॉसिंगला फक्त समोरची गाडी जाईपर्यंतचा वेळ जात नाही. आधी वेग कमी करून बाजूच्या रुळावर हळू यायचं, थांबायचं, समोरची गाडी पूर्ण आत आली की सिग्नल मिळणार, मग परत वेग धरायचा. समोरची गाडी दहा मिनिटं लेट असेल तर वेळेवर असलेली आपली गाडीही तेवढी खोळंबते. एकीचा उशीर असा दुसरीला लागतो.

दुहेरी मार्गावर समोरची गाडी अडवत नाही, पण मागून येणारी अडवते. कोणाला पुढे सोडायचं हे कंट्रोल रूममधला कंट्रोलर ठरवतो. मालगाडी सगळ्यात शेवटी, तिच्या आधी पॅसेंजर, त्याच्या वर एक्सप्रेस, वर सुपरफास्ट आणि वंदे भारत. वेळेवर असलेल्या गाडीला तिची जागा ठरलेली असते. एकदा लेट झाली की ती दुसऱ्यांच्या वेळेत घुसते, आणि मग तिला सारखं बाजूला काढलं जातं. म्हणून पंधरा मिनिटांचा उशीर बघता बघता चाळीस मिनिटांचा होतो.

मग अंदाज कसा बांधायचा? ॲपवर येण्याची 'अपेक्षित' वेळ दिसते, तिच्यावर फार विसंबू नका. गाडीने मागची स्टेशनं प्रत्यक्षात किती वाजता सोडली ते बघा, आणि एक नाही, निदान तीन स्टेशनांचा उशीर मांडा. पुण्याहून येणाऱ्या गाडीसाठी सातारकरांनी जेजुरी, नीरा, लोणंद बघावं. सांगलीकरांनी सातारा, कराड, किर्लोस्करवाडी. उलट दिशेने सातारकरांनी किर्लोस्करवाडी आणि कराड, तर सांगलीकरांनी हातकणंगले, जयसिंगपूर, मिरज.

समजा जेजुरीला २० मिनिटं, नीरेला २०, लोणंदला २१ दिसतात. उशीर स्थिर आहे, साताऱ्यात वीस-पंचवीस मिनिटं धरा. तेच आकडे २०, २८, ३५ असे असतील तर गाडीला कोणीतरी बाजूला काढतंय. मग चाळीसच्या वर धरा, पण घरून तरी लोणंदच्या आकड्याप्रमाणेच निघा. कारण वाढतोय म्हणून धरलेला अंदाज चुकला तर गाडी चुकते. उशीर मोठा पण हळूहळू कमी होत असेल, म्हणजे भोपाळला अडीच तास, मनमाडला सव्वादोन, पुण्याला दोन, तर गाडी भरून काढतेय. पण एका टप्प्यात दहा-पंधरा मिनिटांच्या वर फारसं भरून निघत नाही. आणि गाडी मधल्या रानात थांबलेली दिसली तर सगळे अंदाज बाजूला ठेवा. पुढचं स्टेशन सोडेपर्यंत थांबा.

आता खरी तक्रार. आपल्याकडे गाडीचा वक्तशीरपणा मोजतात तो शेवटच्या स्टेशनावर. वेळापत्रकात शेवटच्या टप्प्याला, आणि जिथे एक रेल्वे दुसरीच्या ताब्यात गाडी देते तिथे, जास्तीची मिनिटं भरून ठेवलेली असतात. सांगली ते मिरज अंतर जेमतेमच. तेवढ्याला लांब पल्ल्याच्या गाड्यांना किती वेळ दिलाय ते वेळापत्रकात स्वतः बघा, मग कळेल. सांगलीत वीस मिनिटं लेट असलेली गाडी मिरजेत जवळपास वेळेवर पोचते ती अशी. पोचली की कागदावर ती 'वेळेवर'. साताऱ्यात, कराडात, सांगलीत जे ताटकळले, त्यांचा उशीर त्या हिशेबात कुठेच येत नाही.

जास्तीची मिनिटं ठेवूच नयेत, असं मी म्हणत नाही. धुकं, रुळांची दुरुस्ती, ती लागणारच. पण दोन गोष्टी मागायला काही हरकत नाही. एक, सातारा, कराड, सांगली यांसारख्या मधल्या स्टेशनांवरचा उशीरही मोजा आणि महिन्याला जाहीर करा. दुसरं, गाडी ज्या रेकवर अवलंबून आहे तो उशिरा येणार हे दिसताच फलाटावर आणि मेसेजवर सांगा. "हुबळीची गाडी तासभर उशिरा आहे, त्यामुळे कोल्हापूरची पुण्याहून साधारण तीनला सुटेल." एवढं एक वाक्य. त्याला नवा रूळ लागत नाही की नवा डबा.

आपल्या खासदारांकडे नवीन गाडी मागायला सगळे जातात. पुढच्या वेळी हे दोन मुद्देही कागदावर लिहून न्या. प्रवासी संघटनांनी महिनाभर रोज एकाच गाडीचा लोणंद, सातारा, कराड, सांगली, मिरज इथला उशीर वहीत टिपून ठेवला, तरी बैठकीत "गाडी वेळेवर असते" असं तोंडावर सांगणं अवघड जाईल.