‘परवा’ नको, तारीख लिहा



मस्कतमध्ये शेजारपाजारच्या मराठी घरांतून मुलांच्या गैरहजेरीच्या चिठ्ठ्या माझ्याकडे अरबीत करून घ्यायला येतात. वर्गशिक्षिकेला अरबीच वाचता येते, म्हणून. चिठ्ठीवरून शाळेत घोटाळा झाला की पालक भाषांतराला बोल लावतात. माझे मत उलट आहे. घोटाळा बहुतेक वेळा मूळ मराठी चिठ्ठीतच असतो.

अशीच एक चिठ्ठी: ‘माझा पाल्य कु. … परवापासून आजारी आहे. अंगावर देवी आल्या आहेत. रविवारपर्यंत येऊ शकणार नाही.’ आपल्याला यात काही खटकत नाही. अरबीत मात्र पहिल्याच शब्दाला थांबावे लागते, कारण तिथे ‘इब्नी’ म्हणजे माझा मुलगा आणि ‘इब्नती’ म्हणजे माझी मुलगी. ‘पाल्य’ आणि ‘कु.’ दोघांनाही चालतात. नाव ओळखीचे नसेल तर भाषांतर करणारा अंदाज बांधतो आणि मुलीची चिठ्ठी मुलाची होऊन बसते. ‘परवा’चा अर्थ मागचा दिवस की पुढचा, हे इथे ‘पासून’मुळे कळते, पण ‘परवा येणार नाही’ म्हटले की पुढचा, ‘परवा आला नाही’ म्हटले की मागचा. अरबीत या दोन दिवसांना दोन वेगळे शब्द आहेत.

‘रविवारपर्यंत’ तर त्याहून वाईट. आपल्या मनात रविवार सुट्टीचा, म्हणजे मूल सोमवारी येणार. ओमानमध्ये मात्र शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवारी आठवड्याची शाळा सुरू. शिक्षिका रविवारी मुलाची वाट पाहते आणि तो दिवस विनापरवाना गैरहजेरीत धरते.

आणि ‘देवी’! घरात कांजिण्यांनाही सर्रास देवी म्हणतात. शब्दशः अरबी केले तर ‘जुदरी’ होते, आणि तो रोग १९८० साली जगातून संपल्याचे जाहीर झाले. कांजिण्यांना ‘जुदरी माई’ म्हणतात, गोवराला ‘हसबा’. हा फरक शाळेला कळायलाच हवा, कारण कांजिण्यांचे सगळे फोड खपली धरेपर्यंत, साधारण ५ दिवस, मूल वर्गात बसवता येत नाही.

तारखेचेही तेच. अरबी लिपीतला ५ आपल्या शून्यासारखा दिसतो. १५ तारीख आपल्याला १० वाटते. शिवाय उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या मजकुरात ५/६ कधीकधी ६/५ होऊन छापले जाते. महिना अक्षरांत लिहिला की हा धोकाच उरत नाही.

चिठ्ठी मुलाकडूनच अरबीत लिहून घेण्याची पद्धतही मला मान्य नाही. ज्याच्या गैरहजेरीची चिठ्ठी, त्याच्यावरच तिची जबाबदारी टाकू नये.

म्हणून पालकांना विनंती: मुलगा की मुलगी, आजाराचे डॉक्टरांनी सांगितलेले नाव, पहिल्या आणि शेवटच्या दिवसाची तारीख, परत येण्याचा वार, एवढे मराठीतच स्पष्ट लिहा. आणि अरबी चिठ्ठीसोबत मूळ मराठी चिठ्ठीही जोडा, म्हणजे शंका आली तर दुसऱ्या कोणाला तरी ती पडताळून पाहता येईल.

– एक वाचक, मस्कत