कास्ट, छोटी खिडकी आणि बंद स्क्रीनवरचा आवाज: पैसे नक्की कशाचे?

२०२५ च्या अखेरीस नेटफ्लिक्सने एक बदल गाजावाजा न करता केला. मोबाइलवर सिनेमा लावायचा, कोपऱ्यातलं कास्टचं चिन्ह दाबायचं आणि तो टीव्हीवर पाठवायचा, ही सोय बहुतेक टीव्ही आणि स्ट्रीमिंग उपकरणांसाठी बंद झाली. आता टीव्हीच्या रिमोटने टीव्हीमधलंच नेटफ्लिक्स अ‍ॅप उघडायचं. रिमोट नसलेल्या जुन्या क्रोमकास्टवर कास्टिंग चालू ठेवलं, पण जाहिराती नसलेला प्लॅन असेल तरच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूट्यूबने भारतात महिना ८९ रुपयांचा ‘प्रीमियम लाइट’ आणला. त्यात बहुतेक व्हिडिओंवरच्या जाहिराती गेल्या, पण सुरू झाला तेव्हा त्यात बॅकग्राउंड प्ले नव्हता. तो हवा असेल तर १४९ रुपयांचा पूर्ण प्रीमियम घ्या, असा हिशेब होता.

या दोन बातम्यांनंतर मला सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न असा: ‘फोनला हे जमतं, टीव्हीला जमतं, मग पैसे कशाचे?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायचं तर आधी या तीन सोयींत व्हिडिओ नेमका कोण वाहून नेतो, ते बघावं लागेल.

सुरुवात कास्टपासून करू, कारण त्याबद्दल सर्वाधिक गैरसमज आहे. बहुतेकांना वाटतं की व्हिडिओ फोनमधून टीव्हीत जातो. तसं नाही. कास्टचं चिन्ह दाबल्यावर फोन घरच्या वायफायवर हाक मारतो, ‘इथे कास्ट घेणारं कोणी आहे का?’ टीव्ही ओ देतो. मग फोन टीव्हीला इतकंच सांगतो की अमुक अ‍ॅपचा टीव्हीवरचा भाग उघड, हा व्हिडिओ लाव, इतक्या मिनिटापासून सुरू कर, आणि हा या खात्याचा परवाना. इथून पुढे टीव्ही स्वतः इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि व्हिडिओ ओढून आणतो. फोन उरतो फक्त रिमोट म्हणून. २०१३ मध्ये पहिलं क्रोमकास्ट ३५ डॉलरना विकता आलं त्याचं एक कारण हेच. फोनची बॅटरीही त्यामुळेच फारशी उतरत नाही.

याची परीक्षा घरी घेता येते. कास्ट सुरू झाल्यावर फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा. टीव्हीवर व्हिडिओ चालूच राहिला तर ते खरं कास्ट. लगेच थांबला तर तुम्ही स्क्रीन मिररिंग करत होतात. मिररिंगमध्ये फोन आपल्या पडद्याचं चित्र सतत दाबून-आवळून टीव्हीकडे पाठवत असतो. म्हणून फोन तापतो, चित्र अडखळतं, आणि मध्येच आलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पाहुण्यांसमोर टीव्हीवर झळकतो.

कास्टचं चिन्हच दिसत नाही, ही तक्रार मात्र बहुतेक वेळा पैशांची नसते. फोन एका वायफायवर आणि टीव्ही दुसऱ्या, असं असतं. किंवा फोन ‘गेस्ट’ नेटवर्कवर असतो, आणि गेस्ट नेटवर्कवरची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशी राउटरची रचना असते. हॉटेलच्या खोलीत कास्ट न होण्याचं कारणही बहुधा हेच. आयफोनवर अ‍ॅपला लोकल नेटवर्कची परवानगी नाकारली असेल तरी हाक टीव्हीपर्यंत पोहोचत नाही. आधी हे तपासा, मग प्लॅनला दोष द्या.

आता प्लॅनचा भाग. टीव्ही सर्व्हरकडे परवाना घेऊन गेला की सर्व्हर बघतो, हे खातं कुठल्या प्लॅनचं आहे आणि मागणारं उपकरण कुठलं आहे. उदाहरण घ्या नेटफ्लिक्सच्या भारतातल्या मोबाइल प्लॅनचं. २०१९ मध्ये तो १९९ रुपयांना आला, २०२१ च्या डिसेंबरात १४९ वर उतरला. करारच असा की एका वेळी एका फोनवर किंवा टॅबलेटवर बघा, तेही ४८० पी दर्जात. तुमचा टीव्ही चांगला असेल, वायफाय उत्तम असेल, तरी या प्लॅनवर टीव्हीला व्हिडिओ मिळत नाही. कुणी म्हणेल, मग मिररिंग करू. तर टीव्हीवर आवाज येतो आणि चित्र काळं! कारण संरक्षित व्हिडिओ फोनच्या अशा बंदिस्त भागात उलगडला जातो की पडद्याची नक्कल करणाऱ्याला तिथे काहीच सापडत नाही. स्क्रीनशॉट काढलात तरी काळाच येतो, कारण तेच. केबल बदलून किंवा दुसरं मिररिंग अ‍ॅप टाकून हे सुटत नाही, त्यात वेळ घालवू नका.

मोबाइल प्लॅनबद्दल मला तक्रार नाही. कमी पैशांत छोटा पडदा, हा सौदा सरळ सांगून केलेला आहे. मात्र पूर्ण पैसे भरणाऱ्यांचंही कास्टिंग काढून घेण्यामागे तांत्रिक अडचण असेल असं मला वाटत नाही. माझा अंदाज असा: कास्ट केल्यावर टीव्हीवर वेगळं लॉगिन करावं लागत नाही, फोनमधलं खातं तात्पुरतं कुठल्याही टीव्हीवर पोहोचतं, मामाच्या घरच्या किंवा मित्राच्याही. आणि २०२३ च्या जुलैपासून नेटफ्लिक्सने भारतात ‘एक खातं, एक घर’ हा नियम लावलेला आहे. टीव्हीवरच लॉगिन करायला लावलं की कुठला टीव्ही कुठल्या घरातला, हे सांभाळणं सोपं जातं.

उलट यूट्यूब बघा. तिथे टीव्हीवर कास्ट करायला एक पैसाही लागत नाही. का? कारण जाहिरातही टीव्हीवर जाते, आणि ती मोठ्या पडद्यावर, सगळं घर समोर बसलेलं असताना दिसते. कंपनीचं काहीच बुडत नाही. हा धागा धरून ठेवा, पुढे लागेल.

छोट्या खिडकीचं, म्हणजे पिक्चर-इन-पिक्चरचं काम फोनची सिस्टिम करते. अँड्रॉइडमध्ये ही सोय ८.० पासून, म्हणजे २०१७ पासून आहे. आयपॅडवर २०१५ मध्ये आली, आयफोनवर २०२० मध्ये. खिडकी बनवणं, ती कोपऱ्यात ठेवणं, बोटाने सरकू देणं, हे सगळं सिस्टिम बघते. अँड्रॉइड अ‍ॅप बनवणाऱ्याने मुळात एवढं लिहायचं असतं:

```
android:supportsPictureInPicture="true"
```

आणि योग्य वेळी ‘मला छोटं कर’ असं सिस्टिमला सांगायचं. अर्थात खिडकीत बटणं नीट बसवणं वगैरे थोडं काम असतं, पण ते एकदाच. त्यानंतर प्रत्येक ग्राहकामागे कंपनीला वेगळा खर्च येत नाही. तुमच्या फोनवर ही खिडकी कुठल्याच अ‍ॅपमध्ये येत नसेल तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत `Picture-in-picture` टाइप करा. अ‍ॅपवार परवानग्यांची यादी येईल. तिथे परवानगी चालू आहे, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये खिडकी येते, आणि याच अ‍ॅपमध्ये येत नाही, तर कुलूप अ‍ॅपने लावलंय.

छोटी खिडकी आणि बॅकग्राउंड प्ले यांची लोक गल्लत करतात, म्हणून फरक सांगतो. खिडकी असते तोवर अ‍ॅप पडद्यावरच असतं, फक्त आकसलेलं. स्क्रीन लॉक केली की पडदाच गेला, सिस्टिम अ‍ॅपला ‘आता तू दिसत नाहीस’ असं कळवते. त्यानंतरही आवाज चालू ठेवायचा असेल तर अँड्रॉइड अ‍ॅपने सिस्टिमला सांगावं लागतं की मी गाणं वाजवतोय, मला मारू नकोस, आणि त्याची खूण म्हणून नोटिफिकेशन दाखवावं लागतं. लॉक स्क्रीनवर पॉज-प्लेची पट्टी दिसते ना, ती हीच. व्हीएलसी हे फुकट प्लेअर अ‍ॅप वर्षानुवर्षं हे बिनबोभाट करतंय.

बरं, बॅकग्राउंड प्लेमध्ये सर्व्हरचा खर्च वाढतो म्हणावं, तर तेही नाही. यूट्यूबवर चित्र आणि आवाज वेगवेगळ्या फायलींत ठेवलेले असतात आणि फोन ते जोडून दाखवतो. स्क्रीन बंद असेल तर फक्त आवाज मागवता येतो. हिशेब करू. आवाज सेकंदाला १२८ किलोबिट धरला तर तासाला साधारण ५८ एमबी होतात. चित्र सेकंदाला २ मेगाबिट धरलं तर त्याचे तासाला ९०० एमबी. एक तासाचं कीर्तन किंवा मुलाखत खिशात फोन ठेवून ऐकली, तर कंपनीला चित्राचे ते ९०० एमबी पाठवावेच लागत नाहीत. म्हणजे ज्या सोयीसाठी पैसे मागितले जातात, ती पुरवायला उलट स्वस्त आहे.

मग अडतं कुठे? जाहिरातीत. व्हिडिओ जाहिरातीचे पैसे ती बघितली जाते म्हणून मिळतात. फोन खिशात असताना ती कोण बघणार? छोट्या खिडकीत ती दिसते, पण बोटाच्या दोन पेरांएवढी. दुसरं कारण गाण्यांचं. बंद स्क्रीनवर हवं ते गाणं हव्या त्या क्षणी ऐकता आलं, तर यूट्यूब फुकट म्युझिक अ‍ॅप होऊन बसतं, आणि गाण्यांचे हक्क असलेल्या कंपन्यांना ते परवडणारं नाही. याची खूण यूट्यूबच्याच नियमांत सापडते. बराच काळ अमेरिकेत छोटी खिडकी फुकट होती, पण संगीत सोडून इतर व्हिडिओंसाठी. अमेरिकेबाहेर तीच खिडकी, त्याच फोनवर, प्रीमियमशिवाय मिळत नव्हती. देश बदलला म्हणून तंत्र बदलत नाही. आणि २०१५ मध्ये ‘यूट्यूब रेड’ या नावाने ही वर्गणी आली तेव्हापासून बॅकग्राउंड प्ले हे तिचं मुख्य आमिष राहिलंय. ते फुकट दिलं तर विकायला उरतं काय?

माझं मत विचाराल तर गाण्यांपुरतं हे कुलूप मला पटतं. त्यात गायक-संगीतकारांचा वाटा आहे. व्याख्यान, बातम्या, स्वयंपाकाची कृती यांच्यावर ते पटत नाही. तिथे ऐकता ऐकता मध्ये ध्वनी-जाहिरात लावता येते, रेडिओने ते केलंच की.

ब्राउझरच्या पळवाटेबद्दलही विचारणा होते: क्रोममध्ये ‘डेस्कटॉप साइट’ लावायची, स्क्रीन बंद करायची आणि नोटिफिकेशनमधून प्ले दाबायचं. हे कधी चालतं, कधी नाही. टॅब दिसतोय की झाकला गेलाय, हे वेबसाइटला `document.visibilityState` वरून कळतं, आणि झाकला की व्हिडिओ थांबवणं तिच्या हातात असतं. काही ब्राउझर ही माहिती लपवतात, वेबसाइट दुसरी खूण शोधते. हा पाठशिवणीचा खेळ आहे, त्यावर रोजची सवय बांधू नका. आणि ‘प्रीमियम फुकट’ म्हणून फिरणाऱ्या बदललेल्या एपीके फायलींमध्ये गुगल खात्याने लॉगिन तर अजिबात करू नका. त्याच खात्यावर तुमचा मेल आणि फोटो असतात.

पैसे भरायचेच असतील तर प्लॅनच्या पानावर ‘जाहिरातमुक्त’ या मोठ्या अक्षरांखालच्या दोन ओळी शोधा: बॅकग्राउंड प्ले आहे का, आणि त्यात गाणी धरली आहेत का. नेटफ्लिक्ससाठी प्रश्न वेगळा, प्लॅनच्या उपकरणांच्या यादीत टीव्ही हा शब्द आहे का. घरातला वापर मुख्यतः टीव्हीवर यूट्यूब बघण्याचा असेल, तर बॅकग्राउंड प्ले आणि छोटी खिडकी यांचा तुम्हाला उपयोगच नाही. तिथे फरक पडतो तो फक्त जाहिरातींचा.